शेगडीची ज्योत पिवळी का पडते? जेट, शटर आणि मधली नळी

(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, कढईचं बूड काळं झालं की आपण आधी कढईला नावं ठेवतो, मग गॅसला. "यंदाचा सिलेंडरच खराब आला" हे वाक्य मी नागपुरात जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा दुसरं कुठलं ऐकलं नसेल. सिलेंडरचा थोडासा संबंध असतो, त्यावर शेवटी बोलतो. पण शंभरातल्या बहुतेक शेगड्यांमध्ये दोष गॅसचा नसतो, हवेचा असतो. आणि ती हवा शेगडीत कुठून शिरते, हेच पुष्कळांनी पाहिलेलं नसतं.

शेगडी उलटी करून पाहा. बटणाच्या मागे कॉक आहे. कॉकच्या टोकाला पितळेची छोटी गुंडी बसवलेली असते, ते जेट. त्याला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. त्या भोकासमोर थोडं अंतर ठेवून एका नळीचं उघडं तोंड आहे. ही मिक्सिंग ट्यूब, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला बर्नर. जेट आणि नळी एकमेकांना घट्ट जोडलेली नाहीत, हे पाहून पुष्कळ लोक दचकतात: अहो, इथून गॅस बाहेर नाही का येणार? नाही येत. उलट तिथूनच हवा आत जाते.

घरच्या रेग्युलेटरमधून गॅस सुमारे ३० मिलिबार दाबानं येतो. हा दाब अगदी किरकोळ आहे, पण जेटच्या बारीक भोकातून बाहेर पडताना गॅसचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या आसपास जातो. म्हणजे ताशी एकशेऐंशी किलोमीटर! इतक्या वेगानं नळीत घुसणारी धार आजूबाजूची हवा आपल्यासोबत ओढून नेते. पंखा नाही, पंप नाही, वीज नाही. हवा आत घेण्याचं सगळं काम त्या धारेचा वेगच करतो. नळीत गॅस आणि हवा मिसळतात आणि बर्नरच्या भोकांतून जळायला बाहेर येतात.

हवा लागते तरी किती? एक लिटर प्रोपेन पूर्ण जळायला सुमारे २४ लिटर हवा लागते, ब्युटेनला ३१. आपल्या सिलेंडरमध्ये या दोघांचं मिश्रण असतं, म्हणून हिशेबाला २८ धरू. ही सगळी हवा नळीतून येत नाही. निम्मी किंवा त्याहून जरा जास्त आधीच मिसळून येते, तिला पहिली हवा म्हणू. उरलेली ज्योत जळता जळता भोवतालून घेते, ती दुसरी हवा. पहिली हवा पुरेशी असेल तर प्रत्येक भोकावर निळा, टोकदार, स्पष्ट कडांचा शंकू दिसतो आणि त्याभोवती फिकट निळं आवरण.

पहिली हवा कमी पडली की ज्योतीच्या पोटात गॅस तापतो, पण त्याला ऑक्सिजन मिळत नाही. मग त्याचे रेणू तुटतात, तुटलेले तुकडे एकमेकांना चिकटतात आणि कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. हे कण हजार अंशांच्या वर तापून उजेड देतात, तोच पिवळा रंग. पिवळं दिसतं म्हणजे ज्योतीत काजळी तयार झाली आहे.

पण तयार झालेली काजळी भांड्याला लागेलच असं नाही. देवघरातला दिवा पिवळाच जळतो, तरी नीट जळत असेल तर फारसा धूर करत नाही, कारण ते कण ज्योतीच्या बाहेरच्या कडेला पोचतात तेव्हा हवा मिळून जळून जातात. शेगडीवर मात्र मधे कढई येते. तिचं बूड ज्योतीच्या मानानं थंड. कण जळायच्या आतच तिथं निवतात आणि चिकटतात. म्हणून पिवळं टोक भांड्याला टेकतं का, हे पाहायचं. टेकत असेल तर काजळीसोबत अर्धवट जळालेला वायू, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडही सुटत असण्याची शक्यता धरायची. त्याला रंग नाही, वास नाही. मे महिन्यात झळ नको म्हणून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता एक शेगडी प्रत्यक्ष पाहू. सक्करदऱ्याकडच्या एका काकूंची, दोन बर्नरची. उन्हाळ्यात सगळे महिनाभर गावी होते. परत आल्यावर डावा मोठा बर्नर पिवळा, उजवा निळाशार. इथंच अर्धं निदान झालं. सिलेंडर, रेग्युलेटर आणि रबरी नळी दोघांना सामाईक आहेत. दोष तिकडे असता तर दोन्ही बर्नर बिघडले असते.

मग कढईचं बूड पाहिलं. काळं सगळीकडे सारखं होतं. एकाच बाजूला काळं असेल तर आधी कूलरची हवा ज्योतीला एका अंगाला ढकलते का ते पाहावं, नाहीतर त्या बाजूची भोकं उतू गेलेल्या दुधानं बुजलीत का ते. इथं तसं नव्हतं. तरी बर्नरची टोपी काढून ब्रशनं घासली, धुऊन पूर्ण वाळवून बसवली. फरक शून्य.

त्यानंतर शटर. नळीच्या तोंडाशी पत्र्याची एक फिरती चकती असते, तिनं हवेची वाट कमी-जास्त करता येते. काही शेगड्यांत ती नसते, वाट कायमची ठरवलेली असते. काकूंच्या शेगडीत होती, आणि आधीच पूर्ण उघडी होती. म्हणजे दार सताड उघडं असूनही हवा आत जात नव्हती. अशा वेळी नळीच्या आत पाहावंच लागतं.

रेग्युलेटर बंद केला, शेगडी गार होऊ दिली, नळी सोडवली. आत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. महिनाभर न पेटलेली शेगडी म्हणजे तिला आयती जागा. कुणाकडे कोळ्याचं जाळं निघतं. जाळं दिसायला काहीच नाही, पण धारेचा वेग तिथं मोडतो आणि हवा ओढणं मंदावतं. बाटली धुवायच्या ब्रशनं नळी साफ केली आणि पुन्हा पेटवून पाहिली. पिवळेपणा बराच गेला, पण बटण पूर्ण उघडलं की टोकं अजून पिवळी होती.

तेव्हा काकूंनी सांगितलं, दोनेक वर्षांपूर्वी ज्योत बारीक झाली होती, तेव्हा कुणीतरी येऊन जेटमध्ये सुई घालून "साफ" करून गेलं. हे मला फार खटकतं. जेट पितळेचं आहे, पोलादी सुई त्याला सहज खाते. मोजून पाहिलं, ०.७० मिलिमीटरचं भोक ०.८० झालं होतं.

एक दशांश मिलिमीटरनं काय बिघडतं, तर हिशेब करा. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, म्हणून गॅस सुमारे ३० टक्के जास्त. आधी तासाला ६० लिटर जात होता, आता ७८. पण त्याच नळीत जाड धार सोडली की दर लिटर गॅसमागे ओढली जाणारी हवा कमी होते, साधारण व्यासाच्या व्यस्त प्रमाणात. आधी एका लिटरमागे १७ लिटर पहिली हवा येत होती असं धरा, आता येईल १५. जुन्या जेटवर एकूण १६८० लिटर हवा लागायची, त्यातली १०२० नळीतून यायची, ज्योतीनं भोवतालून फक्त ६६० घ्यायची. नव्या भोकावर लागतात २१८४, नळीतून येतात ११७०, उरतात हजारावर. म्हणजे त्याच बर्नरच्या त्याच ज्योतींनी बाहेरून दीडपट हवा मिळवायची! ती मिळेपर्यंत ज्योत लांबते, पिवळी होते आणि कढईला टेकते. गॅस जास्त जळतो, आणि उजेड जास्त दिसतो म्हणून लोकांना वाटतं की आच चांगली झाली.

असं जेट दुरुस्त होत नाही. ठोकून भोक लहान करणारेही मी पाहिलेत, पण त्यानं धार वाकडी होते आणि नळीच्या मध्यातून न जाता कडेला आपटते. त्याच शेगडीच्या मापाचं नवं जेट बसवायचं. ते पक्कं आवळल्यावर साबणाच्या फेसानं सांधा तपासायचा. काडी लावून तर मुळीच नाही. हे काम एजन्सीच्या मेकॅनिककडून करून घ्यावं. गळतीचा वास आला तर १९०६ हा क्रमांक आहे.

नवं जेट बसल्यावर शटर नव्यानं जुळवलं, कारण आता ते पूर्ण उघडं चालणार नव्हतं. त्याची रीत अशी. बटण पूर्ण उघडून बर्नर दोन-चार मिनिटं तापू द्यायचा. शटर थोडं बंद करत पिवळी टोकं दिसेपर्यंत यायचं, मग हळूहळू उघडत ती नाहीशी होईपर्यंत, आणि त्यापुढे किंचितच. आणखी उघडत गेलात तर ज्योत भोकांपासून सुटून वर तरंगते आणि सूं सूं आवाज येतो. ही हवा जास्त झाल्याची खूण. मग बटण एकदम मंद करून पाहायचं. हवा भरपूर मिसळलेलं मिश्रण सेकंदाला चाळीसेक सेंटिमीटर वेगानं जळतं. मंद आचेवर भोकांतून येणारी धार त्याहून हळू झाली तर ज्योत "फट्" करून आत शिरते आणि नळीतच जळू लागते. असं झालं की ताबडतोब बंद करून शटर जरा कमी करायचं. काकूंच्या शेगडीचं शटर अर्ध्याच्या थोडं पुढे स्थिरावलं आणि मंद आचही टिकली.

आता तुमचे प्रश्न.

"सर, उन्हाळ्यात हवा पातळ होते म्हणून ज्योत पिवळी होते म्हणतात, खरं काय?"

नागपूरचं पंचेचाळीस अंशाचं ऊन हवेला पातळ करतं, हे खरं. पण त्याच खोलीतून येणारा गॅसही तापून तितकाच पातळ होतो, त्यामुळे दोघांचं प्रमाण जवळपास तेच राहतं. उन्हाळ्यातली पिवळी ज्योत बहुधा धूळ, कूलर नाहीतर बंद घरातली माशी.

"अन् मीठ सांडलं की ज्योत भगवी दिसते ती काहून?"

तो सोडियमचा रंग. क्षणभर भडकतो, मिठाचा कण संपला की जातो, भांडं काळं करत नाही. त्यासाठी शटरला हात लावू नका.

"मग सिलेंडर संपत आला की दोन्ही बर्नर पिवळे होतात ते?"

हा सिलेंडरचाच भाग. प्रोपेन आधी उडून जातो, शेवटी ब्युटेनचं प्रमाण वाढतं. ब्युटेन जड असल्यानं हवा थोडी जास्त ओढतो, पण त्याची भूक त्याहून जास्त वाढलेली असते, २४ ऐवजी ३१. म्हणून शेवटच्या दोन-चार दिवसांत टोकं जरा पिवळी दिसली तर शटर तसंच राहू द्या. तेव्हा उघडलंत तर नव्या सिलेंडरवर तीच ज्योत तरंगायला लागेल. नवा सिलेंडर लावून दोन दिवसांनंतरही दोन्ही बर्नर पिवळेच असतील, तर मात्र रेग्युलेटर तपासून घ्या.