काताच्या रंगाची केंद्रकं

[दृश्य: नागपुरातली धंतोली, मे महिन्यातली दुपार. लॅबच्या काउंटरवर प्लास्टिकचा डबा.]

बाहेर पंचेचाळीस अंश. गोंदियाकडून आलेल्या या डब्यात शस्त्रक्रियेत काढलेला अख्खा स्तन आहे, फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला. गाठ कर्करोगाची आहे हे सुईच्या बायोप्सीवरून आधीच कळलंय. आता डॉक्टरांना हवंय ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. पेशींच्या केंद्रकात तो असेल, तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी लागू पडण्याची शक्यता असते. नसेल, तर ती गोळी देण्यात अर्थ नाही.

[दृश्य: मेणाच्या ठोकळ्यातून निघणारी पातळ पट्टी, कोमट पाण्यावर तरंगणारी.]

ईआर हे एक प्रथिन. मायक्रोस्कोपमधून ते दिसत नाही, म्हणून त्याला नेमकं ओळखणारी अँटीबॉडी पेशींवर सोडायची आणि ती जिथे चिकटेल तिथे रंग उठवायचा. एवढंच तत्त्व. पण आधी एक अडचण सोडवावी लागते. फॉर्मॅलिन ऊतीला सडू देत नाही, मात्र त्याच वेळी प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकतं. अँटीबॉडीला बसायची जागा त्या गुंत्यात झाकली जाते.

ती उघडायला उष्णता लागते. मेणात बसवलेल्या ऊतीचा तीन-चार मायक्रॉनचा काप काचेवर घेऊन मेण काढायचं आणि स्लाइड पीएच 9 च्या ट्रिस-ईडीटीए द्रावणात 95 ते 98 अंशांवर वीसेक मिनिटं ठेवायची. मग त्याच द्रावणात निवू द्यायची. याला अँटिजेन रिट्रायव्हल म्हणतात. 1991 मध्ये मायक्रोवेव्ह वापरून ही युक्ती पुढे आली. कितीतरी लॅबमध्ये हेच काम स्वयंपाकघरातला कुकर करतो. घाई केली तर जागा उघडत नाही, अति केलं तर काप काचेवरून सुटतो.

[दृश्य: ओल्या टिपकागदाच्या डब्यात आडव्या ठेवलेल्या स्लाइड.]

पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड. लाल रक्तपेशींमध्ये मुळातच पेरॉक्सिडेजसारखी क्रिया असते, ती आधी गप्प करावी लागते. नाहीतर रक्तच रंगतं. मग ईआरची अँटीबॉडी. ती धुतली की तिला पकडणारी दुसरी, पेरॉक्सिडेज एन्झाइम घेऊन येणारी. शेवटी डीएबी हे रसायन. एन्झाइम असेल तिथे डीएबीचा तपकिरी साका बसतो, पानातल्या काताच्या रंगाचा. बाकी केंद्रकं हिमॅटॉक्सिलिनने निळी.

या सगळ्यात काप एकदाही सुकता कामा नये. नागपूरच्या उन्हाळ्यात डब्याचं झाकण जरा उघडं राहिलं की कडा वाळतात आणि तिथे खोटा तपकिरी रंग चढतो. फक्त कडेलाच रंग दिसला, तर आमचा पहिला संशय झाकणावर.

[दृश्य: मायक्रोस्कोपखाली स्लाइड. सगळं निळं.]

आता ही स्लाइड बघा. गाठीतल्या पेशी निळ्या, म्हणजे ईआर निगेटिव्ह? थांबा.

त्याच काचेच्या एका टोकाला दुसऱ्या रुग्णाच्या, ईआर पॉझिटिव्ह ठरलेल्या ट्यूमरचा तुकडा लावलेला आहे. तो पॉझिटिव्ह कंट्रोल. त्याची केंद्रकं छान काताळलीत. म्हणजे द्रावणं ठीक, कुकर ठीक, हातही ठीक. शेजारच्या स्लाइडवर याच रुग्णाचा काप आहे, फक्त पहिली अँटीबॉडी न घालता. तो निगेटिव्ह कंट्रोल, आणि तो निळाच आहे. तिथे तपकिरी दिसलं असतं, तर तो रंग ईआरचा नाही हे कळलं असतं.

पण खरी गोम गाठीच्या बाजूला आहे. तिथे निरोगी दुग्धनलिका आहेत, आणि त्यांच्या काही पेशींत ईआर असायलाच हवा. हा ऊतीतलाच, फुकटचा कंट्रोल. त्याही पूर्ण निळ्या. बाहेरचा तुकडा रंगला आणि आतला रंगला नाही, म्हणजे बिघाड या ऊतीत आहे, आणि तो लॅबमध्ये येण्याआधीचा.

[दृश्य: डब्यातला नमुना, मधोमध कापलेला.]

डबा पुन्हा उघडल्यावर कारण दिसलं. स्तन न चिरता तसाच बुडवला होता. फॉर्मॅलिन ऊतीत साधारण तासाला एक मिलिमीटर शिरतं. कडा राखाडी, घट्ट. मधली गाठ मऊ, लालसर. वरून हा उन्हाळा. ऊती काढल्यापासून तासाभरात चिरून फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवी आणि ईआरसाठी ती 6 ते 72 तास त्यात राहायला हवी. इथे प्रथिनं आतून नासली होती. नासलेलं प्रथिन कितीही उकळलं तरी परत येत नाही.

अशा स्लाइडवर ‘निगेटिव्ह’ लिहिणं म्हणजे बाईची गोळी हिरावणं. रिपोर्टवर लिहिलं गेलं: ‘आतला कंट्रोल रंगला नाही, निष्कर्ष काढता येत नाही.’ नातेवाईक आधीच्या बायोप्सीचा मेणाचा ठोकळा घेऊन आले. सुईने काढलेले बारीक तुकडे, लगेच फॉर्मॅलिनमध्ये पडलेले.

[दृश्य: नवी स्लाइड. नलिका तपकिरी, गाठही तपकिरी.]

पॉझिटिव्ह म्हणायला 1 टक्का केंद्रकं पुरतात. इथे दहापैकी आठ काताळलेली आहेत. ही स्लाइड आणि ती निळी स्लाइड, दोन्ही एकाच बाईच्या गाठीच्या.