गोळी घेतली, पण चहासोबत

नमस्कार श्रोतेहो.

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. केस गळण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बायका हल्ली रिकाम्या हाताने येत नाहीत, पुरावा घेऊन येतात. परवा एकीने पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. आत आठवडाभर न्हाणीघराच्या जाळीतून आणि कंगव्यातून गोळा केलेला केसांचा पुंजका होता. "मॅडम, बघा. आणि आयर्नची गोळी तर मी तीन महिने न चुकता घेतेय."

आज तिचीच गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय छत्तीस, वजन ५६ किलो, घर पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. सोमवार आणि चतुर्थी असे उपास. सहा-सात महिन्यांपासून वेणी निम्म्याने पातळ झालेली. मधेच टक्कल पडलेले गोल चट्टे नाहीत, नुसता भांग रुंदावलाय असंही नाही, सगळीकडूनच केस विरळ. थायरॉइडची तपासणी झाली होती, ती ठीक होती. हिमोग्लोबिन ११.६. वडीलधाऱ्यांनी तिला सांगितलं होतं, "अगं, बायकांचं एवढंच असतं."

तसं नसतं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो पंडुरोगच. पण मला जास्त महत्त्वाचा वाटला तो दुसरा आकडा, फेरिटिन. ते तिचं होतं ९.

फेरिटिन म्हणजे काय, ते जुन्या घरातल्या उदाहरणाने सांगते. स्वयंपाकघरात पिठाचा डबा असायचा आणि माजघरात धान्याची कणगी. हिमोग्लोबिन हा पिठाचा डबा. फेरिटिन ही लोहाच्या साठ्याची कणगी. कणगीतलं धान्य संपत आलं तरी डबा बरेच दिवस भरलेला दिसतो, कारण घरची बाई रोज दळून डबा भरतेच. डबा उतरायला लागतो तेव्हा कणगीचा तळ कधीच दिसू लागलेला असतो. शरीर लोह आधी रक्तासाठी राखून ठेवतं, केसांसारख्या बिनमहत्त्वाच्या खात्याला कात्री आधी लागते. म्हणून "एचबी नॉर्मल आहे" एवढ्यावर थांबू नका, डॉक्टरांना फेरिटिनबद्दल विचारा. १५ च्या खाली असेल तर साठा संपलाच आहे. केसांच्या बाबतीत बरेच त्वचारोगतज्ज्ञ ३० किंवा ४० च्या खालचा आकडाही कमीच धरतात, पण त्यावर सगळ्यांचं एकमत नाही. एक सावधगिरी: ताप, सर्दी-खोकला किंवा कुठलीही सूज असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. तापातून उठल्या उठल्या ही तपासणी करू नका.

आता मूळ प्रश्न. तीन महिने गोळी घेऊन फेरिटिन नऊच कसं?

मी तिला म्हटलं, गोळीचं नाव नको, वेळ सांगा. ती म्हणाली, "सकाळी नाश्त्याबरोबर. पोहे आणि चहा झाला की लगेच, म्हणजे विसरत नाही." आणि कॅल्शियमची गोळी? "ती पण तेव्हाच. एकदम दोन्ही उरकते."

इथेच पाणी मुरत होतं. चहातले तुरट पदार्थ लोहाला आतड्यातच बांधून ठेवतात. चहा जेवणासोबत घेतला तर त्या जेवणातलं निम्म्याहून जास्त लोह वाया जाऊ शकतं. त्यात कॅल्शियमची गोळी सोबत, आणि चहात दूध. डाळ, भाजी, धान्य यांतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, म्हणून आपल्या आहारमानकांत शाकाहार गृहीत धरून बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे. पुरुषाला १९. गोळीतल्या लोहाला वाट मोकळी करून दिली नाही, तर तेही त्याच वाटेने बाहेर जातं.

तर वेळेचा हिशोब असा. गोळी रिकाम्या पोटी, म्हणजे खाण्याच्या एक तास आधी किंवा खाल्ल्यावर दोन तासांनी, साध्या पाण्याबरोबर. चहा-कॉफी, दूध, दही आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तास तरी लांब. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, तिनेही लोह कमी शोषलं जातं. लिंबूपाणी घेतलंच पाहिजे असं नाही. जेवणात लिंबू पिळण्याचा फायदा नक्की होतो, पण गोळीसोबत वेगळं क जीवनसत्त्व घेतल्याने फार फरक पडत नाही, असं चाचण्यांत दिसलं आहे.

अजून एक गोष्ट, जी अनेक डॉक्टरही आता सांगू लागले आहेत. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. ते आतड्याला सांगतं, पुरे, दार लावा. हे दार साधारण एक दिवस लावलेलं राहतं. म्हणून रोज दोन वेळा गोळ्या घेतल्या तर दुसऱ्या गोळीचं फारसं काही शरीरात जात नाही. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुण बायकांना दिवसाआड गोळी दिली, तेव्हा प्रत्येक गोळीमागे जास्त लोह शोषलं गेलं. पित्ताचा त्रास होणाऱ्यांना हे वरदान आहे. पण पंडुरोग जास्त असेल किंवा गरोदरपण असेल तर रोजचीच मात्रा लागू शकते, ते आपल्या मनाने बदलू नका.

तिने पहाटे सहाला गोळी घ्यायचं ठरवलं. चौथ्या दिवशी फोन. मळमळतंय. रिकाम्या पोटी लोह अनेकांना सोसत नाही, त्यात तिचा दोष नव्हता. मग आम्ही गोळी रात्री हलवली. जेवण आठला, गोळी साडेदहाला, झोपण्याआधी, दिवसाआड. रात्रीचं हळद-दूध बंद झालं, ते संध्याकाळी सहाला गेलं. कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणाला. गोळीने शौचाला काळं होतं, त्याने घाबरू नका. मळमळ फारच असेल तर गोळी थोड्याशा खाण्यासोबत घेतलेली चालेल. शोषण थोडं कमी होईल, पण गोळी सोडून देण्यापेक्षा ते बरं. आणि डबी लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. त्या लालचुटूक गोळ्या मुलांना चॉकलेट वाटतात, आणि लोहाचा जादा डोस जिवावर बेतू शकतो.

मग आम्ही तिचा डबा उघडला. म्हणजे कागदावर. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, रात्री दोन पोळ्या, भाजी आणि पातळ वरणभात, दिवसभरात तीन कप चहा. त्या चहांतलं दूध धरूनही प्रथिनं भरली जेमतेम ३२ ग्रॅम. वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम या हिशोबाने तिला लागतात ४६ च्या आसपास. आणि उपासाच्या दिवशी साबुदाणा. त्यात प्रथिन नावापुरतंच, जे काही थोडंफार मिळतं ते शेंगदाण्याच्या कुटातून. केस म्हणजे केराटिन, ते प्रथिनच. कच्चा माल नसला की कारखाना आधी केसांचाच बंद होतो.

तिला सोयाच्या भुकट्या घ्यायला सांगितलं नाही. दुपारी एक वाटी घट्ट मटकीची किंवा मुगाची उसळ, त्यात सात ग्रॅम. संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे, सात ग्रॅम. एक वाटी दही, चार ग्रॅम. आकडा जमला. मोड आल्याने कडधान्यांतला लोहाला अडवणारा पदार्थही कमी होतो, म्हणून उसळीवर लिंबू पिळा आणि चहा तासभर लांब ठेवा. अळिवाचे लाडू तिच्या सासूबाई करतातच, ते चांगलेच. पण एका लाडवात अळीव चमचाभर, त्याने नऊचं फेरिटिन वर येणार नाही. पालकाबद्दलही तेच सांगते: त्यातलं लोह फारसं शोषलं जात नाही.

जीवनसत्त्वांत मी फक्त एकावर अडले, बी-१२. तिचं होतं १६०, म्हणजे कमी. हे जीवनसत्त्व भाज्यांत नसतंच, शाकाहारात ते दुधा-दह्यातूनच येतं, आणि चहातल्या दुधाने ते भरत नाही. बी-१२ वाढलं की केस गळायचे थांबतात, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण हातापायांना मुंग्या येऊ नयेत आणि रक्त नीट तयार व्हावं म्हणून ते भरून काढायलाच हवं होतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या मात्र मी तिच्या पिशवीतून बाहेर काढल्या. बायोटिनची कमतरता फार क्वचित असते, आणि जास्त मात्रेने थायरॉइडसारखे काही रिपोर्ट चुकीचे येतात. ती गोळी तुम्ही घेत असाल तर रक्त देण्याआधी प्रयोगशाळेत तसं सांगा.

आता थोडा धीर धरा, कारण केसांचं गणित उलटं असतं. आज हातात आलेला केस दोन-तीन महिन्यांपूर्वीच मुळापासून सुटायचा ठरलेला असतो. तापानंतर, बाळंतपणानंतर, एकदम वजन उतरवल्यावर केस गळतात ते म्हणूनच उशिरा. आणि दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं नेहमीचंच आहे. भरून काढायलाही काही महिने लागतात. तिचं हिमोग्लोबिन महिन्याभरात १२.५ झालं. फेरिटिन चौथ्या महिन्यात ३४. पाचव्या महिन्यातल्या भेटीला तिने पिशवी आणली नाही. त्याच भेटीत तिने कपाळाच्या कडेला बोट लावून दाखवलं, तिथे बोटभर लांबीचे, उभे राहणारे बारीक केस आले होते. चापून बसवता येत नाहीत, ही तिची नवी तक्रार.

पण एक प्रश्न राहिलाच होता. कणगी रिकामी झाली ती फक्त चहामुळे का? मी तिला पाळीबद्दल विचारलं तेव्हा कळलं की सात-आठ दिवस जाते, पहिले दोन दिवस दर तासाला पॅड बदलावं लागतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण तिच्या आईचंही तसंच होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. तिच्यावरचे उपचार आता चालू आहेत. फेरिटिनसाठी गोळ्या अजून तीन महिने चालू राहतील, मग पुन्हा तपासणी. पुरुषाचं लोह असं कमी निघालं, तर मूळव्याध आणि पोटातला रक्तस्राव तपासल्याशिवाय नुसती गोळी घेत बसू नका.

मी आपली रजा घेते. नमस्कार.