दाबूनही न मिटणारी शीर: पायातली खोल गुठळी सोनोग्राफीवर ओळखताना

नमस्कार. आजचा व्हिडिओ नव्याने प्रोब हातात घेणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली आहे का, म्हणजे डीव्हीटी आहे का, हे बघताना बहुतेक नवशिके स्क्रीनवर गुठळी शोधत बसतात. शिरेच्या आत काही करडं, काही पांढरट दिसतंय का, हे डोळे ताणून बघतात. ताजी गुठळी मात्र बऱ्याचदा दिसतच नाही. ती रक्ताइतकीच काळी असते. त्यामुळे आपण गुठळी शोधायची नाही. प्रोबने दाबल्यावर शिरेच्या दोन भिंती एकमेकींना टेकतात की नाही, एवढंच बघायचं. सगळी तपासणी याच एका गोष्टीभोवती फिरते.

याचं उलटही खरं आहे. रक्त फार संथ वाहत असेल तर शिरेत धुरकट ठिपके फिरताना दिसतात आणि गुठळीचा भास होतो. दाबल्यावर ती शीर पूर्ण मिटली, तर तिथे गुठळी नाही. डोळ्यांना काय वाटलं यापेक्षा भिंती टेकल्या की नाही, याला जास्त मान द्या.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. 52 वर्षांचे गृहस्थ आहेत. डाव्या घोट्याचं हाड मोडलं म्हणून गुडघ्याखाली तीन आठवडे प्लास्टर होतं. प्लास्टर काढल्यावर पोटरी सुजलेली दिसली आणि आतल्या बाजूने दाबली की दुखते. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंमी खाली टेपने मोजलं, तर डावी पोटरी उजवीपेक्षा 4 सेंमी जाड भरली. प्लास्टरचा एक, खोल शिरेच्या वाटेवर दुखण्याचा एक आणि 3 सेंमीपेक्षा जास्त सुजेचा एक, असा वेल्स स्कोअर 3 होतो. दोन किंवा त्याहून जास्त म्हणजे डीव्हीटीची शक्यता धरायची. इथे डी-डायमरची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. हाड मोडल्यानंतर तो तसाही वाढलेला असू शकतो. सरळ सोनोग्राफीकडे जायचं.

[स्क्रीनवर: रुग्ण पाठीवर, डोक्याकडची बाजू उंच, गुडघा बाहेर वळवून किंचित वाकवलेला]

आधी रुग्णाला नीट झोपवा. ही पायरी घाईत गाळली जाते. डोक्याकडची बाजू साधारण 30 अंश वर घ्या, म्हणजे पायाच्या शिरा रक्ताने भरतात. रुग्ण सपाट झोपला असेल तर शिरा रिकाम्या, बारीक राहतात आणि कुठली शीर ती हेच कळत नाही. पाय बाहेर वळवा, गुडघा थोडा वाकवा. लिनिअर प्रोब घ्या, प्रोब आडवा धरा, म्हणजे शीर गोल कापलेली दिसेल. लांबीत धरून दाबू नका. लांबीत धरलेला प्रोब दाबताना शिरेच्या बाजूला घसरतो, स्क्रीनवरून शीर नाहीशी होते आणि आपण ती मिटली असं समजून पुढे जातो. खोटा दिलासा मिळण्याची ही नेहमीची वाट आहे.

सुरुवात जांघेत करा. कॉमन फीमोरल शीर तिथे धमनीच्या आतल्या बाजूला असते. धमनी गोल, जाड भिंतीची, धडधडणारी. शीर तिच्यापेक्षा मोठी, पातळ भिंतीची. आता प्रोब सरळ खाली दाबा. निरोगी शिरेच्या भिंती एकमेकींकडे येतात आणि ओठ मिटावेत तशा पूर्ण मिटतात. स्क्रीनवर फक्त एक बारीक पांढरी रेघ उरते किंवा तीही दिसत नाही. हात सैल केला की शीर लगेच उघडते.

किती दाबायचं, हा प्रश्न सगळेच विचारतात. उत्तर शेजारच्या धमनीकडे आहे. धमनीचा गोल आकार किंचित चपटा व्हायला लागला, म्हणजे दाब पुरेसा झाला. तोवर शीर मिटली नसेल तर ते लक्षण आहे. धमनी अजून गोल आहे आणि शीर उघडी आहे, तर निष्कर्ष काढू नका. तुमचा दाब कमी पडला असेल, एवढंच त्यातून कळतं.

या गृहस्थांची जांघेतली शीर छान मिटते. ग्रेट सॅफिनस शीर तिला जिथे मिळते, ती जागाही स्वच्छ. तिथून मांडीवरून खाली दर एक-दोन सेंमीवर दाबत जायचं. मांडीच्या खालच्या तिसऱ्या भागात, अ‍ॅडक्टर कॅनॉलजवळ, शीर खोल जाते आणि वरून कितीही दाबा, मिटत नाही. इथे गुठळी जाहीर करण्याआधी दुसरा हात मांडीखाली घाला आणि मागून वर उचलून दाबा. दोन्ही बाजूंचा दाब मिळाला की निरोगी शीर बहुधा मिटते. यांची तशी मिटली.

[स्क्रीनवर: गुडघ्यामागची खळगी, प्रोब आडवा]

आता गुडघ्यामागची खळगी. इथे प्रोब मागून लावतो, म्हणून पॉप्लिटियल शीर स्क्रीनवर वर आणि धमनी तिच्याखाली दिसते. या जागेची एक अडचण आहे. शीर त्वचेच्या इतकी जवळ असते की प्रोब टेकवतानाच ती मिटते आणि नवशिक्याला सापडतच नाही. आधी हात सैल ठेवा, शीर उघडी दिसू द्या, मग दाबा.

या रुग्णात आपण प्रोब हलकाच टेकवला आहे आणि शीर आधीच फुगलेली दिसते. धमनी 7 मिमी, शीर 11 मिमी. आतला भाग जवळजवळ काळा, त्यामुळे नुसतं बघून कुणालाही ती रक्ताने भरलेली साधी शीर वाटेल. आता दाबू या. धमनी चपटी व्हायला लागली. शीर 11 वरून 9 मिमीवर आली आणि थांबली. आणखी थोडं दाबलं, तर धमनी जवळपास सपाट झाली, शीर तिथेच. हात सैल करताच ती पुन्हा गोल झाली. आतला गाभा किंचित दबतो पण भिंती टेकत नाहीत. न मिटणारी शीर दिसते ती अशी. 'थोडी दबली म्हणजे ठीक' असं कुणी म्हणालं तर पटवून घेऊ नका. ताजी गुठळी मऊ असते, म्हणून ती थोडी दबणारच. भिंती पूर्ण टेकल्या नाहीत, हा निकाल आहे.

लगेच उजव्या पायाच्या त्याच जागी प्रोब ठेवून दाबलं. तिथे अर्ध्याच दाबात शीर पूर्ण मिटली. दुसरा पाय हा फुकटचा आणि सगळ्यात विश्वासू साक्षीदार आहे, त्याचा उपयोग करा.

निष्कर्षाआधी दोन फसवे शेजारी तपासायचे. पहिला बेकर सिस्ट. हाही खळगीत काळा आणि न मिटणारा असतो. पण तो आतल्या बाजूला दोन स्नायूकंडरांमधून सांध्याकडे निमुळता होत जातो, वरखाली नळीसारखा चालत नाही. सिस्ट सापडला म्हणून तपासणी थांबवू नका, सिस्ट आणि गुठळी एकाच पायात असू शकतात. दुसरा फसवा शेजारी जांघेत भेटतो, तो म्हणजे लिम्फ नोड. आडवा कापला की तो हुबेहूब न मिटणाऱ्या शिरेसारखा दिसतो. प्रोब सरकवत जा. नोड काही सेंटीमीटरमध्ये संपतो आणि त्याच्या मध्यभागी अनेकदा पांढरट भाग दिसतो. शीर पुढे चालूच राहते. आपल्या रुग्णात जे दिसलं ते वर फीमोरल शिरेला आणि खाली पोटरीच्या शिरांना जोडलेलं आहे. म्हणजे शीरच.

मांडीत किंवा खळगीत कधीकधी एकाऐवजी दोन शिरा शेजारी शेजारी असतात. एक मिटली म्हणून समाधान मानलं, तर दुसरीतली गुठळी निसटते. धमनीच्या दोन्ही बाजू बघायची सवय लावून घ्या.

गुठळी सापडल्यावर हात हलका करा. तिचं वरचं टोक कुठे आहे हे बघायला लागतं, पण त्याच जागी पुन्हा पुन्हा जोराने दाबायचं कारण नाही. टोक रक्तात मोकळं हलताना दिसलं, तर तिथे दाबणं थांबवा. या रुग्णाची गुठळी गुडघ्यामागे सुरू होऊन वर संपते, फीमोरल शिरेत पोचलेली नाही. रिपोर्टमध्ये एवढं हवंच: कोणत्या पायाची, कोणती शीर, कुठपासून कुठपर्यंत, पूर्ण मिटत नाही की अजिबात मिटत नाही, आणि शीर फुगलेली आहे का. फुगलेली, काळसर, थोडी दबणारी शीर ताज्या गुठळीकडे बोट दाखवते. रिपोर्ट नुसता लिहून ठेवू नका, पाठवणाऱ्या डॉक्टरांना त्याच वेळी फोनही करा. रुग्णाला धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर ते आधी सांगा.

ज्याला पूर्वी गुठळी झाली आहे, त्याच्यात गोष्ट अवघड होते. उपचारानंतरही अनेकांची शीर पुन्हा पूर्ण मिटत नाही. जुन्या गुठळीत शीर बारीक, भिंत जाड, आत पांढरट धागे, असं चित्र दिसतं. पण खात्री त्यावरून होत नाही. जुना रिपोर्ट मागवा आणि दाबलेल्या अवस्थेतली जाडी आजच्या मापाशी जोडून बघा. 4 मिमी किंवा त्याहून जास्त वाढ असेल तर नव्या गुठळीचा संशय पक्का होतो. म्हणूनच आज ज्याची शीर मिटत नाही, त्याच्या रिपोर्टात दाबलेल्या अवस्थेतलं माप लिहून ठेवा. पुढच्या वेळी बघणाऱ्याला ते लागणार आहे.

आता या पद्धतीचा हात जिथे पोचत नाही, त्या जागा. जांघेच्या वर, पोटातल्या इलियॅक शिरा प्रोबने दाबून मिटवता येत नाहीत. त्यांचा अंदाज खालूनच घ्यावा लागतो. जांघेतल्या शिरेवर डॉपलर लावला की श्वासाबरोबर प्रवाह वरखाली होताना दिसतो. एका बाजूला तो सपाट, एकसारखा असेल आणि दुसऱ्या बाजूला नसेल, तर वर अडथळा असू शकतो. मग सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी सुचवा. आणि तुम्ही फक्त जांघ, मांडी, गुडघा तपासला असेल, पोटरीच्या शिरा नाही, आणि सगळं मिटलं पण शंका राहिली, तर साधारण एका आठवड्यात पुन्हा तपासायला बोलवा. पोटरीतली गुठळी वर चढत असेल, तर ती तेवढ्या दिवसांत गुडघ्यामागे पोचलेली सापडू शकते.