चौदाव्या दिवसाचा तक्ता आणि गंबोरो

(फलटण तालुक्यातील परसबागेत कुक्कुटपालन करणाऱ्यांच्या मेळाव्यात एका निवृत्त पशुवैद्यकांनी दिलेले व्याख्यान. बोलीचा बाज ठेवून संपादित.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘गंबोरो : ओळख आणि लसीकरणाची वेळ’. गंबोरो म्हणजे कोंबडीच्या पिल्लांना होणारा विषाणूचा आजार. वेळ दिलाय पाऊण तास, आणि त्यातली दहा मिनिटे सत्कारातच गेली. नारळ चांगला आहे, तक्रार नाही.

तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या शेडमध्ये लसीकरणाचा एक तक्ता चिकटवलेला असतो. खाद्याच्या दुकानात फुकट मिळतो. त्यात लिहिलेले असते, चौदावा दिवस, गंबोरो, पाण्यातून. माझे त्या तक्त्याशी भांडण आहे. ते का, हे सांगायला आधी एका पिशवीची गोष्ट सांगावी लागेल.

कोंबडीच्या गुदद्वाराच्या वर, शेपटीच्या मुळाशी, एक छोटी पिशवी असते. चार आठवड्यांच्या पिल्लात साधारण करवंदाएवढी. तिला बर्सा म्हणतात. इटलीतल्या पादुआचे फॅब्रिसियस नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते, त्यांनी तिचे पहिले वर्णन केले. ते १६२१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. त्यांना वाटले, कोंबड्याचे वीर्य कोंबडी इथे साठवून ठेवते. आता कोंबड्यालाही ही पिशवी असते, मग तो कुणाचे साठवतो, हे त्यांना कुणी विचारले नसावे. (हशा)

पुढे तीनशे वर्षे ही पिशवी कशासाठी आहे ते कुणाला धड कळले नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी होता. त्याने प्राध्यापकांना विचारले, ही पिशवी काय करते? उत्तर मिळाले, चांगला प्रश्न आहे, तूच शोधून काढ. आपल्याकडे असे उत्तर मिळाले की विद्यार्थी दुसऱ्या दिवशी विषय बदलतो. ग्लिकने मात्र पिल्लांच्या बर्सा काढल्या आणि पाहत बसला. पिल्ले खातायत, पितायत, वाढतायत. फरक काहीच नाही. पक्षी तसेच बिनकामाचे राहिले.

त्याच सुमारास टिमथी चँग नावाच्या त्याच्या सहाध्यायाला वर्गात एक प्रात्यक्षिक दाखवायचे होते. कोंबडीला साल्मोनेला जंतू टोचायचे आणि तिच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झालेली मुलांना दाखवायची. पक्षी कमी पडले म्हणून त्याने ग्लिककडचे रिकामे बसलेले मागून नेले. प्रात्यक्षिक पार फसले. रक्तात प्रतिपिंडेच नाहीत! दुसरा कुणी असता तर जंतू जुने झाले म्हणून बाटली फेकून दिली असती. या दोघांनी शोधले की ज्यांच्या रक्तात काही नाही, ते बर्सा काढलेले पक्षी आहेत. म्हणजे प्रतिपिंडे घडवायला ही पिशवी लागते. लेख लिहून एका मोठ्या नियतकालिकाला पाठवला, तो परत आला. शेवटी १९५६ मध्ये कुक्कुटशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला, म्हणजे जिथे माणसांचे डॉक्टर फिरकत नाहीत तिथे. आज माणसाच्या प्रतिकारशक्तीचा जो अभ्यास चालतो, त्याचा एक पाय या फसलेल्या प्रात्यक्षिकावर उभा आहे.

अध्यक्ष घड्याळ बघतायत. येतो, विषयावरच येतो.

गंबोरोचा विषाणू नेमका या पिशवीवर बसतो. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात गंबोरो नावाची वस्ती आहे, तिच्या आसपास १९५७ च्या सुमारास हा आजार पहिल्यांदा लक्षात आला, म्हणून हे नाव. सुरुवातीला तो किडनीचा आजार समजला गेला, कारण मेलेल्या पिल्लांच्या किडन्या सुजलेल्या होत्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला याचा फार जहाल प्रकार आला. तेव्हाचे जुने पोल्ट्रीवाले अजून तो हंगाम आठवून डोळे पुसतात.

आता ओळख. वय तीन ते सहा आठवडे. लागण झाल्यावर दोन-तीन दिवसांत पिल्ले एकदम मलूल होतात, पिसे फुलवून कोपऱ्यात बसतात, थरथरतात, पांढरी पातळ शीट टाकतात, गुदद्वाराभोवतीची पिसे घाण होतात. काही पिल्ले स्वतःच्याच गुदद्वाराला टोच मारताना दिसतात. पण खरी ओळख तुमच्या वहीत असते. रोज किती मेली ते लिहा. गंबोरोत मरतूक अचानक चढते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळस गाठते आणि आठवड्याच्या आत उतरते. राणीखेत असे करत नाही. ती रेंगाळते, माना वाकड्या करते, श्वासाची घरघर लावते.

मग मेलेले पिल्लू उघडा. घाबरायचे काय त्यात, रविवारी उघडताच की. मांडीच्या आणि छातीच्या मांसात रक्ताचे ठिपके, पट्टे दिसतील. किडनी फिकट, सुजलेली, आत पांढरे क्षार. आणि बर्सा. आजाराच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती दुप्पट मोठी असते, वरून पिवळसर चिकट थर असतो, कापली की आत कधी रक्त. आठव्या दिवसापर्यंत तीच आक्रसून नेहमीच्या तिसऱ्या हिश्शावर येते. म्हणून मी म्हणतो, एक पिल्लू उघडून निदान करू नका. पहिल्या दिवशीचे एक, तिसऱ्या दिवशीचे दोन, असे पाच-सहा पाहा. आणि आतड्याच्या शेवटच्या दोन आंधळ्या पिशव्या रक्ताने भरलेल्या असतील, तर ती रक्ती हगवण आहे, गंबोरो नव्हे. दोन्ही एकदम असू शकतात हा त्यातला वैताग.

इथे एक तक्रार नोंदवतो. पांढरी शीट दिसली की दुकानातून सल्फाची पुडी येते. गंबोरोत किडनी आधीच खचलेली, त्यात सल्फा म्हणजे जखमेवर मीठ. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. ऊब द्या, पाण्याची भांडी वाढवा, क्षारांची पावडर किंवा गुळाचे पाणी द्या, दोन-चार दिवस प्रथिने कमी करून मक्याचा भरडा पुढे ठेवा. जगणारी जगतील. मागून येणाऱ्या जंतूंवर काही द्यायचे की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आता लस. मला पंधरा मिनिटे हवी होती, चिठ्ठी आलीय की सात उरलीत. ठीक.

आईला लस दिलेली असेल किंवा आजार होऊन गेलेला असेल, तर तिची प्रतिपिंडे अंड्यातून पिल्लात येतात. ती पिल्लाचे रक्षण करतात, आणि तीच तुमची लसही मारतात. लवकर लस दिली तर प्रतिपिंडे ती खाऊन टाकतात, उशिरा दिली तर शेडमधला विषाणू आधी पोचतो. ही प्रतिपिंडे दर ठरावीक दिवसांनी निम्मी होतात. ब्रॉयलरमध्ये सुमारे साडेतीन दिवसांत, कारण पिल्लू झपाट्याने वाढते आणि अंगातले सगळे पातळ होत जाते. अंड्याच्या किंवा सावकाश वाढणाऱ्या जातीत याला पाच दिवसांच्या आसपास लागतात.

हिशेब करू. तिसऱ्या दिवशी रक्त तपासले आणि प्रतिपिंडांची पातळी निघाली ४०००. जरा तिखट लस, म्हणजे इंटरमीडिएट प्लस, साधारण ५०० च्या पातळीला शिरकाव करते. साधी इंटरमीडिएट १२५ पर्यंत उतरल्यावर. चार हजारांचे पाचशे व्हायला तीनदा निम्मे व्हावे लागते. ब्रॉयलरला साडेदहा दिवस, म्हणजे साधारण तेरावा-चौदावा दिवस. आलात बघा तक्त्यावर! तक्ता खोटा नाही, तो ब्रॉयलरचा आणि तिखट लशीचा आहे. तुमच्या सावकाश वाढणाऱ्या पिल्लाला तीच पातळी गाठायला अठरावा दिवस उजाडतो. आणि साधी लस हातात असेल तर पाचदा निम्मे, म्हणजे अठ्ठाविसावा. शेडमधला जहाल विषाणू मात्र साध्या लशीच्या आधीच आत घुसू शकतो. या हिशेबाला हॉलंडमधल्या डेव्हेंटर गावाचे नाव आहे, त्यात आणखी दोन-तीन बारकावे असतात, मूळ गणित एवढेच.

एक वही दाखवतो, नाव नाही सांगत. एकाने २५० सुधारित जातीची पिल्ले उबवणी केंद्रातून आणली, आया लसीकरण केलेल्या. त्यातच १०० पिल्ले गावातल्या कोंबड्यांखालची टाकली. सगळ्यांना चौदाव्या दिवशी साधी लस, पाण्यातून. एकोणतिसाव्या दिवसापासून मरतूक : २, ११, १७, ९, ३, ०. मेलेली बहुतेक केंद्रातली. मालक म्हणाले, बघा डॉक्टर, गावरान काटक असते, तिला काही झाले नाही. केंद्रातल्यांची लस आईच्या प्रतिपिंडांनी मारली होती, पुढे संरक्षण उतरले आणि विषाणूने गाठले, हे सरळ आहे. गावरानांपैकी ज्यांना आईकडून काही मिळालेच नव्हते, त्यांना मागच्या तुकडीच्या लिटरमधला, म्हणजे खाली अंथरलेल्या भुशातला, विषाणू पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच लागला होता. त्या वयात पिल्लू मरत नाही, मलूलही फारसे होत नाही. बर्सा मात्र कायमची जाते. दीड महिन्याने याच ‘काटक’ पिल्लांच्या माना वाकड्या झाल्या, राणीखेतची लासोटा दोनदा दिलेली असताना. मेलेली उघडली तर बर्सा गव्हाच्या दाण्याएवढी. लशीला उत्तर देणारे यंत्रच नव्हते. तेवढ्यात लासोटाच्या कंपनीला शिव्या देऊन झाल्या होत्या.

तर करायचे काय? पिल्ले एकाच ठिकाणची घ्या आणि विक्रेत्याला विचारा, आयांना गंबोरोची लस दिली होती का, कधी. पाच-सात जणांनी मिळून एकाच उबवणीची पिल्ले घेतली असतील, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अठरा-वीस पिल्लांचे रक्त प्रयोगशाळेला पाठवा आणि दिवस काढून घ्या. ते जमत नसेल तर एकाच दिवसावर सगळी भिस्त ठेवू नका. इंटरमीडिएट लस चौदाच्या आसपास एकदा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा, म्हणजे ज्या पिल्लात पहिली मेली त्यात दुसरी धरेल. आईकडून काही न आलेल्या पिल्लांना तिखट लस देऊ नका, ती लसच बर्सा दुखावते. त्यांना सौम्य लस, थोडी लवकर, पण वेगळ्या शेडमध्ये.

पाण्यातून देताना क्लोरीन नसलेले पाणी, एक लिटर पाण्याला अडीच ते पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर, आधी तास-दोन तास पाणी बंद, आणि दोन तासांत सगळे संपले पाहिजे. साठ पिल्लांसाठी मी तर डोळ्यात थेंबच सांगेन. मोठी कुपी चार घरांत वाटायची असेल तर चौघांच्या पिल्लांना एकाच सकाळी द्या. अर्धी कुपी फ्रीजमध्ये ठेवून उद्या दिली तर ते नुसते दूध होते.

शेड : हा विषाणू रिकाम्या शेडमध्ये १२२ दिवस टिकलेला नोंदलाय, लिटरमधले काळे किडेही त्याला सांभाळतात. आम्लाने त्याला काही होत नाही, तीव्र अल्काने मरतो. म्हणून लिटर सगळे काढून, साबणाने धुऊन, वाळवून, मग फॉर्मॅलिन किंवा ताज्या चुन्याचा हात. धुतल्याशिवाय चुना मारला तर शीटेखालचा विषाणू सुखरूप राहतो.

मागच्या ताईंचा हात वर आहे. काय म्हणालात? तुमची आज बारा दिवसांची आहेत, आयांचे माहीत नाही, आणि मागची तुकडी याच शेडमध्ये गंबोरोने गेली? मग ताई, चौदाव्या दिवशी पहिली द्या, बावीस-चोवीसला दुसरी, आणि या दोन लशींच्या मधे जे पिल्लू मरेल त्याची बर्सा बर्फात घालून पुण्यातल्या औंधच्या पशुरोग प्रयोगशाळेला पाठवा.