काटा थांबेना

[दृश्य: उद्यमबागेतली सकाळ, ओला रस्ता, शेडच्या पत्र्यावरून ओघळणारं पाणी]

बेळगावची उद्यमबाग. फाउंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिकचे सुटे भाग. त्यातल्या एका शेडच्या माळ्यावर हा एएचयू, म्हणजे हवा गाळून, थंड करून पुरवणारी पेटी, बसवलाय. खालच्या बंद हॉलमध्ये व्हॉल्व्हची जुळणी चालते आणि तिथली हवा धूळमुक्त ठेवायचं काम याच्याकडे आहे.

[दृश्य: मॅनोमीटरचा काटा, अगदी जवळून. आवाज तसाच ठेवावा]

दाब दाखवणारा हा काटा बघा. चार-पाच सेकंदांत वर जातो, खाली येतो, पुन्हा वर. पेटीतून घुमल्यासारखा आवाज येतोय आणि तोही काट्याच्याच तालात. शिडीवरचा मदतनीस खाली ओरडून सांगतो, "अण्णा, काटा थांबना झालाय बघा."

पेटीतला हवा फेकणारा ब्लोअर बनवणाऱ्या कंपनीला याबद्दल पत्र जाणार आहे. "ब्लोअर बरोबर चालत नाही" एवढंच लिहिलं, तर "फिल्टर साफ करा" एवढंच उत्तर येतं, हे इथल्या देखभाल खात्यांना पाठ झालंय. म्हणून पत्राआधी दोन दिवस मोजणी केली. पत्र इंग्रजीत जाणार, पण आकडे आधी मराठीत, या वहीत.

[दृश्य: वही. तेलाच्या बोटांचे ठसे, निळ्या शाईतले रकाने]

आत फॉरवर्ड कर्व्ह जातीचा, म्हणजे फिरण्याच्या दिशेने वाकलेल्या पात्यांचा, ब्लोअर आहे. इम्पेलरचा, म्हणजे पात्यांच्या चाकाचा, व्यास ४५० मिलिमीटर, हवा दोन्ही बाजूंनी आत घेणारा, बेल्टवर चालणारा. कागदावर मिनिटाला १००० फेऱ्यांना ताशी १२,००० घनमीटर हवा आणि ६५० पास्कल स्थिर दाब. जुने फिटर पास्कल म्हणत नाहीत, पाण्याचे मिलिमीटर म्हणतात. त्यांच्या हिशेबात हे ६६ मिलिमीटर.

[दृश्य: कॅटलॉगमधला आलेख, त्यावर पेन्सिलीचं टोक फिरतं]

या रेषेला कर्व्ह म्हणतात. उजवीकडे हवा जास्त, दाब कमी. डावीकडे सरकत गेलं की दाब चढतो आणि इथे, साधारण ८,५०० घनमीटरला, ७३० पास्कलवर शिखर येतं. शिखराच्या पलीकडे खळगा आहे. त्या भागात पात्यांवरून हवा सुटते, पुन्हा चिकटते, पुन्हा सुटते. एकाच दाबाला हवेचे दोन-तीन वेगवेगळे आकडे लागू पडतात आणि ब्लोअर त्यांच्यामध्ये हेलकावे खातो. यालाच स्टॉल म्हणतात. बऱ्याच कॅटलॉगांत हा डावा भाग छापलेलाच नसतो. रेषा शिखराशी संपते आणि घेणाऱ्याला वाटतं, खळगा नाहीच.

[दृश्य: व्हीएफडीचा पॅनेल, बोट ‘मॅन्युअल’वर]

पण काटा हलला म्हणून लगेच स्टॉल म्हणायचं नाही. हवेच्या डक्टमधला दाबाचा सेन्सर आणि मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी एकमेकांच्या मागे धावत असले, तरी काटा असाच हलतो. म्हणून व्हीएफडी हातावर घेतला आणि ५० हर्ट्झवर बांधून टाकला. काटा हलायचा थांबला नाही. म्हणजे सेन्सर आणि व्हीएफडीचा दोष नाही.

मग फिरण्याची दिशा. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडाने बाहेर फेकतो, फक्त कमी फेकतो. मोटर दुरुस्तीहून परत आली आणि दोन फेज अदलाबदल झाले, तर महिना-महिना कुणाला कळत नाही. इथे दिशा बरोबर निघाली.

[दृश्य: शाफ्टवर टॅकोमीटरचा लाल ठिपका]

फेरे थेट शाफ्टवर मोजले. मोटरच्या पाटीवरून किंवा पुलीच्या मापावरून काढले नाहीत, कारण बेल्ट किती घसरतो ते पाटीवर लिहिलेलं नसतं. ९८५ आले.

[दृश्य: पेटीला पाडलेली भोकं, रबरी नळ्या, एकेक कप्पा]

आता दाब. प्रत्येक कप्प्याच्या आधी आणि नंतर एकेक भोक. परतीच्या डक्टमध्ये आणि डॅम्परमध्ये ६० पास्कल गेले. आधीच्या फिल्टरमध्ये ८०. बारीक फिल्टरमध्ये २००. हवा थंड करणाऱ्या ओल्या कॉइलमध्ये ९०. म्हणजे ब्लोअरच्या तोंडाशी उणे ४३० आणि बाहेर अधिक १५०. ब्लोअरने तयार केलेला दाब ५८०. हे सरासरीचे आकडे आहेत. डिजिटल मीटर आपणहून सरासरी दाखवतो आणि हेलकावा गिळून टाकतो, म्हणून वहीत प्रत्येक जागी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडाही वेगळ्या रकान्यात आहे.

हवेचं प्रमाण पुरवठ्याच्या डक्टच्या सरळ भागात, हवेचा वेग दाखवणाऱ्या पिटो नळीने मोजलं. २५ ठिकाणी, दोनदा. मीटर सरासरी ८,६०० म्हणाला.

[दृश्य: माळ्याच्या खिडकीतून दिसणारा पाऊस, ढगांत बुडालेलं शहर]

इथे बेळगाव मधे येतं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. कॅटलॉगमधली रेषा घनमीटरला १.२ किलो वजनाच्या हवेची, म्हणजे समुद्रकाठची, २० अंशांची. इथे कॉइलमधून १४ अंशांवर निघालेल्या हवेचं वजन १.१२ किलोच्या आसपास भरतं. हलक्या हवेत तोच ब्लोअर, त्याच फेऱ्यांना, तेवढेच घनमीटर फेकतो, पण दाब वजनाच्या प्रमाणात कमी देतो. शिवाय पिटो मीटरही १.२ धरूनच बसलेला असतो. इथे तो वेग साडेतीन टक्के कमी दाखवतो. म्हणून ८,६०० चे खरे ८,९०० झाले.

[दृश्य: वहीत चालू असलेलं गणित. पेन थांबतं, पुढे जातं]

५८० ला १.२ ने गुणायचं, १.१२ ने भागायचं: ६२१. मग ९८५ फेऱ्यांवरून १००० वर यायचं. दाब फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून ६४०. हवा फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते, म्हणून ९,०००च्या जरा वर.

आता हा बिंदू कर्व्हवर ठेवायचा. ९,००० ला कर्व्ह ७२० सांगतो आणि आपण ६४० वर आहोत. मोजलेले ५८० तसेच कळवले असते, तर १४० पास्कलचा फरक दिसला असता आणि त्यातले साठ केवळ उंचीचे आणि फेऱ्यांचे आहेत, असं म्हणून कंपनीने पत्र बाजूला ठेवलं असतं. उरलेले ८० मात्र झटकता येत नाहीत.

[दृश्य: मापपट्टी, पेटीची भिंत आणि ब्लोअरचं तोंड यांच्यामधली जागा]

हे ८० इथे गेले. बेल्टच्या बाजूला ब्लोअरचं तोंड आणि पेटीची भिंत यांच्यात फक्त १४० मिलिमीटर जागा आहे आणि तीही बेल्टच्या जाळीने अर्धी झाकलेली. इम्पेलरच्या व्यासाच्या निम्मी, म्हणजे इथे २२५, निदान एवढी तरी सोडावी असा रिवाज आहे. दुसऱ्या बाजूला ३०० आहे. एक नाकपुडी उघडी, एक दाबलेली. दोन तोंडांना सारखी हवा मिळाली नाही की शिखराजवळचा ब्लोअर लवकर डळमळतो.

[दृश्य: कॅनव्हासचा जोड, लगेच वळलेला एल्बो. कॅमेरा हळू वर]

आणि बाहेरच्या तोंडाशी हा एल्बो, म्हणजे डक्टचं वळण, कॅनव्हासनंतर ३०० मिलिमीटरवर. ब्लोअरमधून निघालेली हवा एका बाजूला दाटलेली असते. ती डक्टभर सारखी पसरायला तोंडाच्या समतुल्य व्यासाच्या अडीचपट सरळ डक्ट लागतो. इथे तो दीड मीटरच्या थोडा वर भरतो. त्यात हा एल्बो हवेला इम्पेलर फिरतो त्याच्या उलट वळवतो. याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती. माळ्याची उंची कमी पडली म्हणून तो तिथे बसला, हे उघड आहे.

[दृश्य: क्लॅम्प मीटर, ॲम्पिअरचा आकडा हलतोय]

शेवटची चाचणी, हॉलचं काम बंद असताना. आधीचे फिल्टर काढले आणि त्यांच्याही आधीच्या कप्प्याचं दार फटीएवढं उघडलं. अडथळा १४० पास्कलने कमी झाला. हवा ९,८०० वर गेली. आणि काटा...

[दृश्य: काटा. दहा सेकंद काही बोलू नये]

...थांबला. मोटर सहा ॲम्पिअरच्या आसपास हलत होती, ती सातवर स्थिर झाली. हे बघत राहणं गरजेचं आहे, कारण फॉरवर्ड कर्व्ह ब्लोअरला अडथळा कमी झाला की तो जास्त ताकद ओढतो. लहान मोटर असती, तर याच चाचणीत ती ट्रिप झाली असती.

म्हणजे हा स्टॉलच. फेरे कमी करून तो सुटत नाही. डक्ट आणि फिल्टर तेच राहिले, तर फेरे कमी झाल्यावर हवा आणि दाब एकत्रच उतरतात आणि बिंदू शिखराच्या त्याच कडेवर राहतो. आवाज मात्र कमी होतो. त्यामुळे काम झालं असं वाटतं.

[दृश्य: पत्र टाइप होताना, सोबत हाताने काढलेला नकाशा]

पत्रात वरचं सगळं आहे. पाटीचा फोटो, अनुक्रमांक, उंची आणि फेऱ्यांचा हिशेब करण्याआधीचे आणि नंतरचे आकडे, अंतरं दाखवणारा नकाशा. मग प्रश्न. छापलेला कर्व्ह ब्लोअरच्या चाचणीचं मानक असलेल्या आयएसओ ५८०१ च्या कोणत्या मांडणीत घेतला: दोन्ही तोंडं मोकळी ठेवून, की बाहेर डक्ट जोडून? तो उघड्या ब्लोअरचा आहे, की पेटीत बसवलेल्या? बेल्टची जाळी चाचणीत होती का? शिखराच्या डावीकडचा पूर्ण कर्व्ह पाठवाल का? आणि १४० मिलिमीटर जागा आणि ३०० वरचा एल्बो यांचा तोटा तुमच्या हिशेबाने किती? "आम्ही काय करावं" हा प्रश्न मुद्दाम लिहिलेला नाही. तो लिहिला की बाकीचे वाचले जात नाहीत.

[दृश्य: खालचा हॉल, रिकामी टेबलं, दारावरची धूळ]

मधल्या काळात हॉलमधला दाब पडून बाहेरची धूळ आत आली आणि जुळणी काही दिवस बंद राहिली.

[दृश्य: नवा सरळ डक्ट चढवताना, चार माणसं, दोरी]

उत्तर आलं. कर्व्ह बाहेर डक्ट जोडून, पेटीशिवाय आणि जाळीशिवाय घेतलेला. डावा भागही सोबत आला. एल्बो दीड मीटर पुढे सरकवला आणि बारीक फिल्टर बदलला. आता ताशी ९,९०० घनमीटर आणि काटा जागच्या जागी. कागदावरचे १२,००० अजून दूर आहेत, कारण नंतर जोडलेले तीन डक्ट मूळ हिशेबात नव्हते. जाळीकडचे १४० मिलिमीटरही तसेच आहेत. मोटर दुसऱ्या बाजूला घ्यायची तर पेटी कापावी लागते. त्याचा नकाशा दुसऱ्या पत्रासोबत गेलाय.

[दृश्य: वही मिटते. शेवटच्या पानावर ‘फिल्टर, २०० झाले की बदलणे’]