अकरा पानांचे बिल आणि लाल-निळी पेन्सिल

[दृश्य: सकाळची धंतोली. दवाखान्यांच्या पाट्या, औषधांची दुकाने, फाटकाशी उभे असलेले ऑटो.]

निवेदन: नागपुरात धंतोली आणि रामदासपेठ या दोन वस्त्यांतून सहज चक्कर मारली, तरी एका पाटीवरून नजर हटते न हटते तोच दुसऱ्या दवाखान्याची पाटी दिसते. यांपैकीच एका रुग्णालयातून न्यूमोनियावर उपचार घेऊन बाहेर पडलेल्या एका गृहिणीच्या बिलाची ही हकिकत आहे. रुग्णालयाचे नाव आम्ही घेतलेले नाही. तेथील बिलिंग काउंटरवर कॅमेऱ्याला परवानगी मिळाली नाही, त्यामुळे पुढचे सगळे चित्रण महाल भागातल्या त्यांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर झाले आहे.

[दृश्य: टेबलावर पसरलेली पाने. जाड रजिस्टर, पट्टी, लाल-निळी पेन्सिल.]

निवेदन: बिल अकरा पानांचे असून त्यात २१४ ओळी आहेत. पहिल्या पानावर सहा शीर्षांखालचा गोषवारा आहे आणि शेवटी एकूण रक्कम १,३२,८४५ रुपये छापलेली आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत, पैसे भरतेवेळी बाबवार तपशीलवार बिल मिळणे हा रुग्णाचा हक्क म्हणून नोंदवलेला आहे. या घरी मात्र सुट्टी होताना केवळ पहिले पान हाती पडले होते. उरलेली दहा पाने दोनदा मागितल्यावर मिळाली.

[दृश्य: यजमानांचे हात रजिस्टरवर उभ्या रेघा आखतात.]

निवेदन: यजमान एका बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी पहिला निर्णय घेतला तो असा, की रुग्णालयाने पाडलेली शीर्षे आधी जशीच्या तशी ठेवायची आणि आपली विभागणी नंतर करायची. हा क्रम महत्त्वाचा आहे. ऑक्सिजनचा मास्क औषधांच्या पानावर असतो आणि ऑक्सिजनचा तासाचा आकार उपकरणांच्या पानावर. दोन्ही एकत्र करण्याचा मोह होतोच. पण बेरीज तपासण्यापूर्वी ओळी हलवल्या, तर पुढे दिसणारा फरक रुग्णालयाच्या चुकीमुळे आला की आपल्या हलवाहलवीमुळे, हे सांगता येत नाही.

[दृश्य: रजिस्टरचे पान जवळून. सहा ओळी.]

निवेदन: गोषवाऱ्यातील आकडे असे आहेत. खोली व नर्सिंग ३४,३००, डॉक्टरांची फी १२,७००, तपासण्या १७,८५०, औषधे व सर्जिकल साहित्य ५०,५९५, उपकरणे व प्रक्रिया १३,१००, आणि इतर २,१५० रुपये. या सहांची बेरीज १,३०,६९५ होते. छापलेली रक्कम त्याहून २,१५० रुपयांनी जास्त आहे.

[दृश्य: लाल पेन्सिल 'इतर' या शब्दाभोवती गोल काढते.]

निवेदन: येथे यजमान थांबतात. फरकाचा आकडा फेकून द्यायचा नसतो, तोच पहिला पुरावा असतो, असे त्यांचे म्हणणे आहे. फरक एखाद्या ओळीच्या रकमेइतकाच निघाला, तर ती ओळ दोनदा धरली गेल्याचा किंवा सुटल्याचा संशय घ्यावा. २,१५० म्हणजे नेमकी 'इतर' या शीर्षाची रक्कम. नोंदणी, फाईल आणि आहार यांचे पैसे भरतीनंतरच्या अंतरिम बिलातून पुढे ओढले गेले होते आणि अंतिम गोषवाऱ्यात ते पुन्हा एकदा मिळवले गेले.

[दृश्य: मुलगी कॅल्क्युलेटरवर तपासण्यांच्या ओळी मिळवते. वडील मान हलवतात.]

निवेदन: आता प्रत्येक शीर्षाच्या आत जाऊन ओळी मिळवायच्या. डॉक्टरांची फी जुळली. तपासण्यांच्या ओळी मिळवून मुलीने आपले उत्तर १८,७५० असे लिहिले, म्हणजे छापलेल्या रकमेहून ९०० रुपये जास्त. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले असण्याची शक्यता आधी पाहावी, हा हिशेबनीसांचा जुना ठोकताळा आहे. "अगं, तूच सात-आठ उलटे लिहिले ना!" असे वडील म्हणाले, आणि ते खरे होते. कॅल्क्युलेटरवर १७,८५० च होते. चूक रुग्णालयाची नव्हती, रजिस्टरवर उतरवतानाची होती. हा भाग आम्ही संकलनात मुद्दाम ठेवला आहे.

[दृश्य: औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे मांडलेल्या. दोन चिठ्ठ्या बाजूला.]

निवेदन: औषधांचे शीर्ष सर्वांत मोठे आणि सर्वांत गुंतागुंतीचे होते. औषध विभागाच्या २३ चिठ्ठ्या तारखेने लावल्यावर त्यांची बेरीज ४६,३८० झाली. त्याखेरीज दोन चिठ्ठ्या परतीच्या होत्या. वापरली न गेलेली इंजेक्शने आणि सलाईनच्या बाटल्या वॉर्डातून परत गेल्या होत्या आणि त्यांची किंमत ४,२१५ रुपये होती. ती वजा केल्यावर ४२,१६५ उरायला हवे होते. छापलेला आकडा ५०,५९५ आहे, म्हणजे फरक ८,४३० रुपयांचा. एवढ्या रकमेची एकही ओळ बिलात नाही. यजमानांनी फरक निम्मा केला: ४,२१५. निम्मा फरक एखाद्या ओळीशी जुळला, तर वजाबाकीच्या जागी बेरीज झालेली असते. परतीच्या चिठ्ठ्यांवर वजाचे चिन्हच छापलेले नव्हते, आणि गोषवारा तयार करणाऱ्याने त्यांचे पैसे इतर चिठ्ठ्यांसारखेच मिळवले.

[दृश्य: खोलीच्या भाड्याचे पान. शेजारी सुट्टीचा कागद आणि दरपत्रक.]

निवेदन: खोलीच्या पानावर बेरीज, गुणाकार सगळे बरोबर आहे. अतिदक्षता विभाग तीन दिवस, दर ६,५००; वॉर्ड चार दिवस, दर २,८००; नर्सिंग सहा दिवस, दर ६००. तरीही यजमानांनी या पानावर निळी खूण केली, कारण खोलीचे दिवस सात होतात आणि नर्सिंगचे सहाच. रुग्ण ३ तारखेला रात्री ९.४० वाजता भरती झाली, ५ तारखेला सकाळी ११ वाजता वॉर्डात आली आणि ९ तारखेला साडेदहा वाजता तिला सुट्टी मिळाली. रुग्णालयाच्याच दरपत्रकाप्रमाणे दिवस दुपारी १२ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२ असा मोजला जातो. त्या मोजणीने अतिदक्षता विभागाचे दिवस दोनच भरतात, आणि मॉनिटरचा आकारही दोनच दिवसांचा लावलेला आहे. ५ तारीख दोन्हीकडे धरली गेली असावी.

[दृश्य: लाल आणि निळे गोल एकाच पानावर.]

निवेदन: लाल खूण म्हणजे बेरजेची चूक, ती कागदावरच सिद्ध होते. निळी खूण म्हणजे विचारायचा प्रश्न; त्याचे उत्तर नियमावर आणि वॉर्डाच्या नोंदींवर अवलंबून असते. चिठ्ठीवरचे इंजेक्शन रुग्णाला खरोखर दिले गेले की नाही, हेही बेरजेतून कळत नाही. त्यासाठी नर्सिंगचा तक्ता लागतो आणि तो या टेबलावर नव्हता.

[दृश्य: नवे पान. ओळी नव्या गटांत मांडल्या जातात.]

निवेदन: शेवटी घरच्यांसाठीचा गोषवारा झाला. ऑक्सिजनचा मास्क आता ऑक्सिजनजवळ आला. लाल खुणा दुरुस्त करून एकूण रक्कम १,२२,२६५ होते. निळा प्रश्न मान्य झाला, तर १,१५,७६५. अर्ज एकाच पानाचा होता: पान क्रमांक, छापलेला आकडा, आमचा आकडा, फरक.

[दृश्य: सुधारित बिल. १०,५८० रुपयांच्या परताव्याची पावती. मग रजिस्टर.]

निवेदन: चार दिवसांनी १०,५८० रुपये परत मिळाले. खोलीच्या दिवसाबद्दल लेखी उत्तर आलेले नाही. रजिस्टरवर त्या ६,५०० रुपयांभोवतीचा निळा गोल तसाच आहे.