नारळ ‘वाढवला’ म्हणजे काय केलं?

दृश्य : पहाट. देवळाच्या पायरीलगतचा काळा दगड. मधोमध खळगा, त्यात कालचं पाणी. पाच सेकंद फक्त पक्ष्यांचा आवाज.

निवेदन : हा दगड देव नाही. याला कुणी फूल वाहत नाही, कुणी याच्याभोवती प्रदक्षिणा घालत नाही. पण देवळात येणारा बहुतेक प्रत्येक माणूस याच्यापुढे वाकतो, कारण हातातला नारळ याच्यावर आपटायचा असतो. मधला खळगा छिन्नीचा नाही. वर्षानुवर्षं पडत आलेल्या नारळांचा आहे.

दृश्य : सभामंडप. गाऱ्हाणं सुरू. चेहरे, जोडलेले हात. मूळ आवाज ठेवायचा : “बा देवा म्हाराजा…” आणि सगळ्यांचं “व्हय म्हाराजा!” त्यानंतर नारळाचा ‘खट्’.

निवेदन : सिंधुदुर्गातलं हे गाव. गाऱ्हाणं घालणारा माणूस देवाशी असा बोलतो, जसा एखादा पंचांपुढे उभा राहून बोलेल. कोण आलंय, कुठून आलंय, काय अडलंय. ते संपलं की मागून कुणीतरी सांगतं, “वाढव नारळ.”

वाढव. फोड नाही.

हा शब्द जरा थांबून ऐका. बांगडी फुटली, तर आजी म्हणते ‘वाढवली’. रात्री दुकानाची फळी लागली, की दुकान ‘वाढवलं’. मंगळसूत्र तुटलं तरी तेच. ज्या गोष्टीचा शेवट तोंडानं उच्चारू नये असं वाटतं, तिथं मराठी माणूस शब्दच उलटा करतो. मग नारळात असं काय आहे, की तो ‘फोडला’ म्हणताना जीभ अडखळावी?

दृश्य : अगदी जवळून. बोटं शेंडी ओढून काढतात. खालून तीन डोळे दिसतात. कॅमेरा तिथंच थांबतो.

निवेदन : हे बघा. दोन डोळे आणि एक तोंड. वर शेंडी होती, ती आत्ताच निघाली. हा चेहरा फक्त आपल्याला दिसला असंही नाही. पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज खलाशी या किनाऱ्यावर आले, तेव्हा त्यांनाही या फळात चेहरा दिसला आणि त्यांनी त्याला ‘कोको’ म्हटलं. कोको म्हणजे पोरांना घाबरवायचा बागुलबुवा! ‘कोकोनट’ या इंग्रजी शब्दात तोच बागुलबुवा अजून बसलेला आहे.

हे डोळे आले कुठून? नारळाच्या फुलात बीजकोशाचे तीन कप्पे असतात. तिन्हींत बी धरायची सोय असते, पण वाढतो एकच कप्पा. बाकीचे दोन मागे पडतात आणि त्यांची फक्त खूण उरते. म्हणून तीनपैकी दोन डोळे कायमचे बुजलेले, टणक. तिसरा मऊ. टाचणी टोचून बघा, आत जाईल. त्याच्याच मागे नारळाचा गर्भ असतो आणि उद्या कोंब फुटला, तर तो याच डोळ्यातून बाहेर येतो. करवंटीवर उभ्या तीन शिरा दिसतात ना, त्या या तीन कप्प्यांच्या शिवणी.

पूजेच्या नारळाला शेंडी का ठेवतात, याचं एक उत्तर बाजारातही मिळतं. शेंडी त्या मऊ डोळ्यावर झाकण घालते. ती उपटली, की हवा लागते, बुरशी लागते, नारळ लवकर खराब होतो. देवापुढे जाईपर्यंत शेंडी ठेवायची, ही व्यापाऱ्याचीही गरज आहे.

दृश्य : देवळामागची जुनी झाडी. सावलीत शेंदूर लावलेले पाषाण, त्यांच्यापुढे ओळीनं फुटलेले नारळ.

निवेदन : आता चेहऱ्याकडे परत येऊ. शेंडी, डोळे, कवटीसारखी करवंटी, आत पांढरा मगज आणि पाणी. अनेक अभ्यासक म्हणतात, की नारळ हे डोक्याच्या जागी दिलेलं डोकं आहे. बळीची जागा फळानं घेतली. हे एकट्या नारळाचंच झालं असं नाही. कालिकापुराणात देवीच्या बळीबद्दल लिहिताना कोहळा आणि ऊस यांना बळीच्या बरोबरीचं म्हटलंय. नवरात्रात नवमीला आजही काही घरांत कोहळा कापतात, आणि कापण्यापूर्वी त्याला कुंकू लावतात. कशासाठी लावत असतील, ते कोहळ्याचा तो लाल तुकडा पाहिलात की सांगावं लागणार नाही.

लोककथेनं हेच दुसऱ्या वाटेनं सांगितलं. विश्वामित्रांनी त्रिशंकू राजाला सदेह स्वर्गात पाठवलं, देवांनी त्याला खाली ढकललं, आणि तो मधेच लटकला. इथपर्यंत रामायणात आहे. पुढचं लोकांनी जोडलं : तो पडू नये म्हणून विश्वामित्रांनी खालून एक खांब टेकवला, त्या खांबाचा माड झाला आणि त्रिशंकूच्या डोक्याचा नारळ. गोष्ट रचणाऱ्यालाही नारळात डोकंच दिसलं, एवढं आपल्या कामाचं.

मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात बळीची जागा फळानं घेतली, हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो. या पाषाणांपुढे आज जे सांडलंय, ते पाणी आहे.

दृश्य : वरून घेतलेलं दृश्य. किनारा, माडांच्या रांगा. तिथून थेट नाशिकची पांडवलेणी, लेखाची अक्षरं.

निवेदन : ही प्रथा वेदांइतकी जुनी आहे, असं कुणी सांगितलं तर त्याला विचारा, ऋग्वेदात नारळ कुठे आहे? नाही. ते लोक जिथं राहत होते, तिथं माड उगवतच नाही. नारळ हे किनाऱ्याचं फळ. आणि किनाऱ्यावर त्याची किंमत किती होती, ते इथं नाशिकच्या लेण्यात कोरलेलं आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं जी दानं दिली, त्यांत एका गावातली नारळाची ३२,००० झाडं आहेत. दुसऱ्या एका गावातली आणखी ८,०००. दान देताना सोनं, गाई, गावं मोजतात. इथं माड मोजलेत.

दृश्य : घराचं अंगण. नववीतली मुलगी हातात नारळ घेऊन. आजी पायरीवर.

निवेदन : हिनं आजवर नारळ कधी फोडलेला नाही. आजी सांगते, “आमच्या वेळी बायका नारळ फोडत नसत.” कारण असं दिलं जायचं, की नारळ म्हणजे बीज, आणि बीज धारण करणारीनं बीज मोडू नये. काही घरांत हे अजून पाळतात. या घरात आजीनंच नारळ तिच्या हातात दिलाय.

पहिला नारळ. दोन्ही हातांनी उचलला, डोळ्यांची बाजू खाली धरली, आणि जोरात आपटला.

दृश्य : नारळ टोकाकडून फुटतो. तीन वेडेवाकडे तुकडे, पाणी सगळं अंगणात. मुलगी हसते. (हसू पूर्ण ठेवायचं.)

निवेदन : काय चुकलं? टोकाशी त्या तिन्ही शिवणी एकत्र येतात. तिथं मारलं, की तडा कुठल्या बाजूनं पळेल याचा भरवसा नाही. आजी आता दुसरा नारळ घेते.

आधी कानाशी धरून हलवते. खळखळ ऐकू आली पाहिजे. शहाळ्यातून असा आवाज येत नाही, कारण ते पाण्यानं काठोकाठ भरलेलं असतं. नारळ तयार व्हायला साधारण बारा महिने लागतात. तोवर आतलं पाणी थोडं कमी होतं, पोकळी होते, आणि पाणी वाजायला लागतं. आवाज आलाच नाही, तर पाणी कुठूनतरी गेलंय. मग डोळे बघायचे. ओलसर किंवा काळपट दिसले, तर नारळ बाजूला.

आता नारळ तळहातावर आडवा. डोळे अंगठ्याकडे. घाव टोकावर नाही, बरोबर कमरेवर. करवंटी जेमतेम चार-पाच मिलिमीटर जाड असते, तिला जोर लागत नाही. एक ठोका, थोडं फिरवा. दुसरा ठोका, थोडं फिरवा.

दृश्य : ठोक्यांचा मूळ आवाज. टण्. टण्. टण्. मग एक बसका ‘थप्’.

निवेदन : ऐकलात? आवाज बसला. चीर पडली. आता जोर बंद. खाली तांब्या धरायचा, चिरेतून पाणी त्यात उतरू द्यायचं, आणि मग दोन्ही अंगठ्यांनी भकलं वेगळी करायची.

दृश्य : दोन भकलं. पांढरं खोबरं. मुलीच्या हातात तांब्या.

निवेदन : कीर्तनकार याच क्षणाचा वेगळा अर्थ लावतात. सोडण म्हणजे वासना, करवंटी म्हणजे अहंकार, तो फुटल्याशिवाय आतलं शुद्ध मन दिसत नाही. तीन डोळे म्हणजे शंकराचे. अर्थ देखणा आहे, पण तो फळ हातात आल्यावर नंतर सुचलेला वाटतो. त्यापेक्षा साधं एक कारण मला जास्त पटतं. आंब्याला पक्ष्यानं चोच मारलेली असू शकते, केळं कुणीतरी दाबून पाहिलेलं असतं. या पाण्याला मात्र देवापुढे येईपर्यंत कुणाचाच स्पर्श झालेला नाही. ते उष्टं होऊच शकत नाही.

दृश्य : नासका नारळ. तपकिरी खोबरं. गुरव तो बाजूला ठेवतो, दुसरा मागतो.

निवेदन : आणि हा नासका निघाला. कुणी म्हणतं अपशकुन, कुणी म्हणतं संकट नारळावर गेलं. घडतं एवढंच, की मऊ डोळ्यातून किंवा केसाएवढ्या चिरेतून जंतू आत शिरतात आणि पाणी आंबतं. हलवून, डोळे बघून घेतला असता, तर बहुधा दुकानातच कळलं असतं.

मोठ्या देवळांत नारळांचे ढीग साठतात आणि फरशी पाण्यानं निसरडी होते, म्हणून अनेक ठिकाणी आता गाभाऱ्याजवळ नारळ फोडू देत नाहीत.

दृश्य : कलशावरचा नारळ. ओटीतला नारळ. नारळी पौर्णिमेला कोळी बांधवांच्या हातातला सोनेरी वेष्टनाचा नारळ, समोर समुद्र.

निवेदन : हे तीन मात्र फोडत नाहीत. कलशावरचा अखंड हवा. ओटीतला अखंड हवा, कारण तिथं तो बीज आहे. श्रावणातला हा नारळ समुद्राला जसाच्या तसा द्यायचा. डोकं म्हणून दिलेला नारळ फुटतो, बी म्हणून दिलेला राहतो.

दृश्य : परत अंगण. आजी डोळ्यांचं भकल देवापुढे ठेवते, दुसऱ्याच्या कातळ्या काढते. परसात, मागच्या वर्षीच्या कलशातल्या नारळाला मऊ डोळ्यातून कोंब आलेला.

निवेदन : हा कोंब त्या एका डोळ्यातूनच आलाय. बाकीचे दोन अजून मिटलेले आहेत.

दृश्य : मुलगी कातळी तोंडात टाकते. चावण्याचा आवाज. काळोख.